लोणावळा लोकल आणि चुकलेली पायरी

शिवाजीनगरहून लोणावळ्याला निघालेल्या लोकलने ६० किलोमीटर अंतर १ तास २० मिनिटांत कापलं, तर तिचा सरासरी वेग किती? सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात हे उदाहरण सोडवूनच दिलेलं आहे:

पायरी १: १ तास २० मिनिटे = १.२० तास
पायरी २: वेग = अंतर ÷ वेळ = ६० ÷ १.२०
पायरी ३: ६० ÷ १.२० = ५०
उत्तर: ताशी ५० किलोमीटर

खाली सूचना आहे: ‘यात चूक असेल तर ती सगळ्यात आधी कोणत्या पायरीत झाली ते सांगा. सोडवणाऱ्याने तसं का केलं असेल ते एका वाक्यात लिहा. मग उदाहरण तुमच्या पद्धतीने सोडवून ताळा करा.’

अशा चार-पाच सोडवलेल्या उदाहरणांची एक कार्यपत्रिका मुलांसाठी आणि तिच्या जोडीला स्पष्टीकरणाचा एक कागद शिक्षकांसाठी, असा हा संच असतो. मुलांना चूक मुद्दाम दाखवण्याची कल्पना फार जुनी आहे. युक्लिडने नवशिक्यांसाठी फसव्या सिद्धतांचं एक वेगळं पुस्तक लिहिलं होतं, असं पाचव्या शतकातला भाष्यकार प्रोक्लस सांगतो. ते पुस्तक आज उपलब्ध नाही. पण चुकीची वाट ओळखता यावी म्हणून ती आधी चालून बघायची, हे युक्लिडलाही महत्त्वाचं वाटलं होतं एवढं त्यावरून कळतं. आपल्याकडे मात्र ‘चूक शोधा’ म्हटलं की बऱ्याचदा कुठेतरी एक आकडा बदलून टाकलेला असतो: सात आठे छप्पनऐवजी चोपन्न. ते शोधायला चांगली नजर लागते, गणित लागत नाही. मुलं खरोखर ज्या जागी चुकतात आणि चुकताना ज्या विचाराने चुकतात, तोच विचार कागदावर उतरला पाहिजे. सगळी मेहनत तिथे आहे.

लोकलच्या उदाहरणात तो विचार पहिल्या पायरीत आहे. १ तास २० मिनिटे म्हणजे १.२० तास, हे मुलाने हवेतून आणलेलं नाही. १ रुपया २० पैसे म्हणजे १.२० रुपये, हे बरोबरच आहे. १ मीटर २० सेंटिमीटर म्हणजे १.२० मीटर, हेही बरोबर आहे. शिवाय तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत, मळवली या पट्ट्यातलं मूल घरात रोज ‘एक वीसची लोकल’ ऐकतं आणि ती वहीत ‘१.२०’ अशीच लिहिलेली बघतं. रुपयाचे पैसे शंभर, मीटरचे सेंटिमीटर शंभर, म्हणून तिथे टिंबाच्या उजवीकडचे २० म्हणजे शंभरातले २०. तासाची मिनिटं साठ, आणि घड्याळाच्या वेळेतलं टिंब तास आणि मिनिटं वेगळी दाखवण्यापुरतं असतं. मुलाने दोन ठिकाणी चालणारा नियम तिसऱ्या ठिकाणी वापरला. ही नजरचूक नव्हे. हेच मूल उद्या २ तास ४५ मिनिटांचे २.४५ तास करेल आणि परवा ३ तास १० मिनिटांचे ३.१० तास करेल.

मुलांच्या चुका अशा नियमाने होतात हे १९७८ मध्ये अमेरिकेतल्या जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोघांनी हातच्याच्या वजाबाक्या तपासून दाखवलं. ६२ मधून ३७ वजा करताना एखादं मूल ३५ लिहितं, कारण एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून ते ७ मधून २ काढतं. त्याचा नियम एकदा कळला की पुढच्या वजाबाकीत ते काय उत्तर लिहील हे आधीच सांगता येतं. पेपर तपासताना नुसती लाल फुली मारली की हा नियम कुणाच्याच हाती लागत नाही.

आता आकड्यांकडे येऊ. पुणे स्टेशन ते लोणावळा हे अंतर साधारण ६४ किलोमीटर आहे. मग उदाहरणात ६४ का घेतले नाहीत? ६४ ला १.२० ने भागलं की ५३.३३ येतं आणि पुढे ३ संपतच नाहीत. शाळेच्या पुस्तकातली उत्तरं सहसा सुटसुटीत असतात हे मुलांना चांगलंच ठाऊक असतं. असं लांबट उत्तर दिसलं की ती पायऱ्या न वाचताच ‘चूक’ म्हणून मोकळी होतात. शिवाजीनगरपासूनचं अंतर ठोकळमानाने ६० धरलं की चुकीच्या वाटेने ५० येतात आणि बरोबर वाटेने ४५. दोन्ही उत्तरं सारखीच नीटनेटकी, दोन्ही वेग लोकलला शोभणारे. आता मुलाला पायऱ्यांकडे वळावंच लागतं. उलट बाजूची काळजीही घ्यायची असते. वेळ नेमका २ तास घेतला असता तर चुकीचा नियम लावूनही उत्तर बरोबर आलं असतं आणि ते उदाहरण वाया गेलं असतं. म्हणून कार्यपत्रिका करणाऱ्याने प्रत्येक उदाहरण दोनदा सोडवायचं असतं, एकदा बरोबर रीतीने आणि एकदा चुकीच्या नियमाने. दोन्ही उत्तरं वेगळी, पण दोन्ही पटण्याजोगी येईपर्यंत आकडे बदलत राहायचं.

एका उदाहरणात चूक एकच ठेवावी. पहिल्या पायरीतल्या चुकीनंतर पुढचा भागाकार बिनचूक असला पाहिजे. नाही तर मुलाला पुढचीच चूक आधी सापडते, तो तिथेच थांबतो आणि खरी गोष्ट मागे राहते. चूक कुणाची, हेही सांगायचं नाही. वर्गातल्या मुलाच्या वहीतलं उदाहरण जसंच्या तसं उचललं तर अक्षरावरून, आकड्यांवरून अख्ख्या वर्गाला कळतं की ते कुणाचं. मग उदाहरण बाजूला पडतं आणि ते मूल मान खाली घालून बसतं. चूक वर्गातली घ्यावी, आकडे मात्र नवे घालावेत.

उत्तर चुकलं आहे हे मुलाला स्वतःला कसं कळावं? त्यासाठी ताळा. वेग ताशी ५० असेल तर पहिल्या तासात ५० किलोमीटर झाले. उरलेली २० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग, त्यात आणखी साधारण १६.७ किलोमीटर. एकूण ६६.७. म्हणजे लोकल लोणावळ्याला थांबलीच नाही, खंडाळाही मागे टाकून घाटात उतरली. मावळातल्या मुलाला हे चित्र लगेच पटतं, कारण लोणावळ्याच्या पुढे लोकल जात नाही हे त्याला माहीत असतं. ताशी ४५ धरून बघा: पहिल्या तासात ४५, पुढच्या २० मिनिटांत १५, बेरीज ६०. गाडी बरोबर फलाटावर. या ताळ्यात ‘२० मिनिटं म्हणजे तासाचा तिसरा भाग’ हे मुलाला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं, आणि एकदा म्हटलं की १.२० आपोआप खटकायला लागतं. २० मिनिटं म्हणजे १/३ तास, एकूण वेळ ४/३ तास, ६० ला ४/३ ने भागायचं म्हणजे ६० ला ३ ने गुणून ४ ने भागायचं: ४५.

सगळ्याच उदाहरणांत चूक ठेवली तर दुसऱ्या उदाहरणापासून मुलं चूक गृहीतच धरतात आणि काहीतरी काढूनच दाखवतात. म्हणून एक उदाहरण पूर्ण बरोबर असावं. माझ्या मते ते असं निवडावं की त्याचं उत्तर बघताक्षणी चुकीचं वाटेल:

भाजे गावातून लोहगडावर जाण्याची वाट ६ किलोमीटर माना. चढताना वेग ताशी ३ किलोमीटर, उतरताना ताशी ६. जाऊन-येऊन सरासरी वेग किती?
पायरी १: चढायला लागलेला वेळ = ६ ÷ ३ = २ तास
पायरी २: उतरायला लागलेला वेळ = ६ ÷ ६ = १ तास
पायरी ३: एकूण अंतर १२ किमी, एकूण वेळ ३ तास
उत्तर: १२ ÷ ३ = ताशी ४ किलोमीटर

इथे वर्गात गलका होतो. ‘तीन आणि सहाची सरासरी साडेचार, मग चार कसे?’ बहुतेक मुलं ठामपणे चुकीची खूण करतात. मग त्यांना पहिली चुकलेली पायरी दाखवायला सांगायचं. पहिली पायरी बरोबर, दुसरी बरोबर, तिसरीही बरोबर. खूण कुठे करणार? शेवटी कुणीतरी म्हणतंच की चढताना दोन तास घालवलेत आणि उतरताना एकच, मग दोन्ही वेगांना सारखं वजन कसं देणार? दोन तास ताशी ३ आणि एक तास ताशी ६: ३, ३ आणि ६ यांची सरासरी ४. हे वाक्य शिक्षकाने आधी बोलून टाकू नये. लोहगड चढलेल्या मुलाला हे अनुभवाने माहीत असतं, त्याच्याच तोंडून ते यावं.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा आणि सगळ्यांत अवघड. यात उत्तर बरोबर असतं आणि कारण चुकीचं. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गावर सगळ्यांत तीव्र चढ १ : ३७ इतका होता. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फारच मोठा चढ. आजही कर्जतला मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात ती याच घाटासाठी. उदाहरण असं:

१ : ३७ आणि १ : ४० यांपैकी कोणता चढ जास्त तीव्र?
पायरी १: १/३७ मध्ये छेद आणि अंश यांतला फरक ३६
पायरी २: १/४० मध्ये फरक ३९
पायरी ३: ज्या अपूर्णांकात फरक कमी, तो अपूर्णांक मोठा
उत्तर: १ : ३७ हा चढ जास्त तीव्र

उत्तर अगदी बरोबर आहे. ३७ मीटरमध्येच १ मीटर चढायचं म्हणजे ४० मीटरमध्ये १ मीटर चढण्यापेक्षा कठीणच. पण तिसरी पायरी खोटी आहे. अपूर्णांकांची तुलना करताना पुष्कळ मुलं हा फरकाचा नियम वापरतात, आणि अंश सारखे असले की तो कधीच पकडला जात नाही, कारण उत्तर दर वेळी बरोबर येतं. तो पाडायला एकच प्रश्न पुरतो: ४० मीटरला १ मीटर चढ आणि ८० मीटरला २ मीटर चढ, यांत जास्त कोणता? मुलं लगेच सांगतात, सारखाच, ४० मीटरचा तोच तुकडा दोनदा. आता फरक काढा. १/४० मध्ये ३९, २/८० मध्ये ७८. नियम म्हणतो पहिला चढ मोठा, घाट म्हणतो सारखा. नियमाचा तिथेच निकाल लागतो. हे उदाहरण कार्यपत्रिकेत शेवटी ठेवावं आणि त्याला पुरेसा वेळ द्यावा. उत्तर बरोबर असताना पायरी चूक ठरवायची, याची मुलांना सवय नसते.

आता शिक्षकांच्या कागदाकडे. बऱ्याच ठिकाणी हा कागद म्हणजे बरोबर उत्तरांची यादी असते. ती यादी शिक्षकाला स्वतःलाच करता येते. त्याला हवं असतं ते वेगळं. लोकलच्या उदाहरणासाठी मी हा कागद असा लिहीन: पहिली चूक पायरी १ मध्ये, विचार असा की टिंबाच्या उजवीकडे मिनिटं जशीच्या तशी लिहिता येतात, हा विचार रुपये-पैसे आणि मीटर-सेंटिमीटर यांत बरोबर ठरतो, म्हणून ‘हे साफ चुकीचं’ असं म्हणू नये, ‘हे कुठे चालतं आणि तासांत का चालत नाही’ असं विचारावं. पुढे विचारायचा प्रश्न: ‘अर्धा तास दशांश अपूर्णांकात कसा लिहाल?’ बहुतेक मुलं ०.५ म्हणतात. ‘आणि अर्धा तास म्हणजे मिनिटं किती?’ तीस. मग ०.३० का नाही? या टप्प्यावर मुलाचे दोन नियम एकमेकांना भिडतात. त्यानंतर शिक्षकाने क्षणभर काहीच बोलू नये, मुलाला विचार करू द्यावा.

याच कागदावर मुलं काय काय दुरुस्त्या करून आणतील तेही आधी लिहून ठेवावं, कारण शिक्षकाची खरी अडचण तिथे होते. एखादी मुलगी १ तास २० मिनिटांची ८० मिनिटं करते, ६० ला ८० ने भागते आणि ०.७५ लिहिते. शेजारची मुलं हसतात, ‘पाऊण किलोमीटर वेगाने कुठली लोकल?’ तिचं गणित मात्र पूर्ण बरोबर आहे. ०.७५ हा दर मिनिटाचा वेग आहे, ६० ने गुणलं की ४५. तिला फक्त ‘किती वेळात?’ एवढंच विचारायचं. एखादा मुलगा १ तास २० मिनिटांसाठी १.३ तास लिहितो आणि ४६.१५ आणतो. त्याची समजूतही बरोबर आहे. त्याने एक तृतीयांश म्हणजे ०.३ धरलं, आणि ०.३३३ चं शेपूट कापलं म्हणून उत्तर सरकलं. त्याला अपूर्णांक तसाच ठेवून सोडवायला सांगावं. या दोघांना १.२० लिहिणाऱ्यांच्या रांगेत बसवून ‘चूक’ म्हटलं तर नुकतं जुळलेलं पुन्हा विस्कटतं.

कागदावर आणखी एक गोष्ट लागते: नजरचूक आणि समजुतीतली चूक वेगळी कशी ओळखायची. नजरचूक झालेल्या मुलाला ‘ही ओळ पुन्हा वाच’ म्हटलं की ते स्वतःच खोडून लिहितं. समजूत चुकलेलं मूल ती ओळ पुन्हा वाचतं आणि म्हणतं, ‘बरोबरच आहे की.’ दुसऱ्या मुलासाठी ही कार्यपत्रिका आहे, पहिल्यासाठी ताळ्याची सवय पुरते.

ही कार्यपत्रिका सगळ्यांना सगळ्या वेळी चालत नाही. वेग हा धडा आज पहिल्यांदा शिकवला आणि उद्या चुकलेली उदाहरणं हातात दिली, तर ज्यांचा पाया कच्चा आहे ती मुलं चुकीची रीतच पाठ करून घरी जातात. जर्मनीतल्या कॉर्नेलिया ग्रोसे आणि अलेक्झांडर रेंक्ल यांनी संभाव्यतेच्या उदाहरणांवर केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चुकीच्या उदाहरणांचा फायदा ज्यांना विषयाची बऱ्यापैकी माहिती होती त्यांना झाला. ज्यांची आधीची माहिती कमी होती त्यांच्यासाठी चूक कुठे आहे ते दाखवून देणं गरजेचं ठरलं. म्हणून एकाच वर्गात दोन प्रती ठेवाव्यात. कच्च्या मुलांच्या प्रतीत चुकलेल्या पायरीखाली आधीच रेघ असावी आणि प्रश्न एवढाच असावा: ‘इथे असं का केलं असेल, आणि काय करायला हवं होतं?’ बाकीच्यांच्या प्रतीत रेघ नको. दोन्ही प्रतींत चुकीच्या उदाहरणाशेजारी बरोबर सोडवलेलं, त्याच जातीचं एक उदाहरण असावं. फळ्यावर चुकीचं उदाहरण लिहिलं असेल तर तास संपायच्या आत त्याच्यावर फुली मारून शेजारी बरोबर रीत लिहावी. मधल्या सुट्टीत आलेलं किंवा उशिरा पोचलेलं मूल फळ्यावर जे दिसेल ते वहीत उतरवतं.

समजूत खरंच बदलली का, हे त्याच तासाला कळत नाही. लोकलचं उदाहरण सुटलं म्हणजे १ तास २० मिनिटांपुरतं सुटलं असंही असू शकतं. आठवड्याभराने वेग, तास, लोकल हे शब्दही नसलेली दोन उदाहरणं द्यावीत. पहिलं क्रिकेटचं: संघाने ४.३ षटकांत २७ धावा केल्या, धावगती किती? इथेही टिंब खोटं आहे. ४.३ म्हणजे ४ षटकं आणि ३ चेंडू, षटकाचे चेंडू सहा, म्हणून साडेचार षटकं आणि धावगती ६. जुना नियम अजून शिल्लक असेल तर मूल २७ ला ४.३ ने भागून ६.२८ आणतं. दुसरं सरळव्याजाचं: १०,००० रुपये, दर साल दर शेकडा ८, मुदत २ वर्षे ६ महिने. मुदत २.५ वर्षे धरली तर व्याज २,००० रुपये, २.६ धरली तर २,०८०. दोन्ही उत्तरं सुटसुटीत आहेत. ज्या वहीत २,०८० दिसेल त्या मुलापाशी बसून रकमेबद्दल बोलायचं नाही. त्याला एवढंच विचारायचं: ‘सहा महिने म्हणजे वर्षाचा कितवा भाग?’